पुराच्या रपट्यावर सोळा वर्षांचा मेंदू

रात्रभर पाऊस झाला, की सकाळी विदर्भातल्या अनेक गावांचा रस्ता रपट्यापाशी येऊन थांबतो. नाला फुगलेला असतो, रपट्यावरून पाणी वाहत असतं. काळ्या मातीचं ते पाणी इतकं गढूळ असतं, की खाली सिमेंट शाबूत आहे की वाहून गेलं, हे काठावरून कोणालाच सांगता येत नाही. दुधाच्या कॅन लावलेली एक गाडी, वावरात निघालेली दोन-चार माणसं, शाळेची पोरं, सगळे पाणी उतरायची वाट पाहत उभे असतात. तेवढ्यात एक मोटारसायकल येते. चालवणारा अकरावीतला, वय सोळा, मागे दोन मित्र. काठावर त्याच्याच वर्गातले आणखी तिघे-चौघे. कोणीतरी म्हणतं, "काढ ना बे, काही नाही होत." दुसरा म्हणतो, "घाबरला काबे?" आणि गाडी पाण्यात शिरते.

प्रसंग मी रचलेला आहे, पण पावसाळ्यात अशा बातम्या वाचणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. या लेखात या एकाच पोराच्या डोक्यात त्या दहा-पंधरा सेकंदांत काय घडतं, तेवढंच पाहायचं आहे. किशोरवयीन मेंदू धोक्याकडे का ओढला जातो, याचं विज्ञान गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच पुढे गेलं आहे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा धागा या रपट्यापाशी येऊन मिळतो.

गावातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "पोट्ट्याले अक्कल नाही." मला हे निदान पटत नाही, कारण ते तपासून पाहता येतं. आदल्या संध्याकाळी याच मुलाला घरच्या ओसरीवर बसवून विचारा, की रपट्यावरून फूटभर पाणी वाहत असेल तर गाडी घालावी का. तो नाहीच म्हणेल. वर कारणंही देईल: चाकाखालचा रस्ता दिसत नाही, जोराचं पाणी अर्ध्या फुटाचं असलं तरी उभ्या माणसाचे पाय उचलतं, सायलेन्सरमध्ये पाणी गेलं तर गाडी मधेच बंद पडते. शेजारच्या गावातला कोण कधी वाहून गेला, हेही तो सांगेल. म्हणजे माहिती आहे, तर्क आहे, परिणामाची जाणीवही आहे.

हे केवळ माझं निरीक्षण नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ देशांत १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून जास्त जणांची चाचणी घेतली. त्या देशांत भारतही होता. शांत बसून विचार करायची, माहिती लक्षात ठेवायची आणि तर्क लावायची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी मोठ्या माणसांच्या पातळीला पोचते, असं त्यात दिसलं. मात्र थरार हवासा वाटण्याची ओढ दहाव्या वर्षापासून चढत जाऊन एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास शिखरावर होती आणि मग उतरत होती. स्वतःला आवरण्याची ताकद मात्र सावकाश वाढत तेवीस ते सव्वीस वर्षांच्या दरम्यान स्थिर होत होती. प्रत्येक देशात आकडे अगदी तेच नव्हते, पण एकूण आकार बहुतेक ठिकाणी सारखा होता. सोळाव्या वर्षी मुलाची बुद्धी तयार असते, ओढ जवळजवळ भरात आलेली असते, आणि आवर अजून वाटेत असतो.

मग ओसरीवर शहाणं बोलणारा मुलगा रपट्यावर वेगळा का वागतो? एका पत्त्यांच्या प्रयोगाने हा फरक फार स्वच्छ दाखवला. टेबलावर ३२ पत्ते पालथे मांडलेले. बहुतेक उलटले की गुण मिळतात, काही मोजके उलटले की मोठा तोटा होतो आणि ती फेरी संपते. तोट्याचे पत्ते किती आणि तोटा केवढा, हे आधीच सांगितलेलं असतं. एका प्रकारात खेळणाऱ्याने सुरुवातीलाच सांगायचं, की मी इतके पत्ते उलटणार. या प्रकारात किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं सारखीच सावध निघाली. दुसऱ्या प्रकारात एकेक पत्ता उलटायचा, लगेच निकाल पाहायचा आणि मग पुढचा उलटायचा की थांबायचं ते ठरवायचं. इथे मुलं मोठ्यांपेक्षा बरीच पुढे जात राहिली. नियम तेच, पत्ते तेच, मुलंही त्याच वयाची. निर्णय थंडपणे आधी घेतला, की तापलेल्या अवस्थेत एकेक पाऊल टाकत घेतला, एवढाच फरक. ओसरीवरचा प्रश्न हा पहिला प्रकार आहे. रपट्यावरचा दुसरा, आणि तिथे प्रेक्षकही आहेत.

प्रेक्षकांचा भाग या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. २००५ साली मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना संगणकावर एक गाडीचा खेळ खेळायला दिला. पिवळा दिवा लागल्यावर गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण, पण लाल दिवा लागला आणि अचानक भिंत आडवी आली तर सगळे गेले. काही जण एकटे खेळले, काही जण त्यांच्याच वयाचे दोघे शेजारी असताना. एकटं असताना १३ ते १६ वयाची मुलं आणि २४ वर्षांवरची माणसं यांच्यात फारसा फरक नव्हता. मित्र शेजारी आले आणि मुलांनी घेतलेला धोका जवळजवळ दुप्पट झाला. १८ ते २२ वयाच्या तरुणांचा धोका साधारण दीडपट वाढला. मोठ्या माणसांवर सोबत्यांचा काहीही परिणाम झाला नाही.

खऱ्या रस्त्यावरही हेच दिसतं. अमेरिकेत सोळाव्या वर्षी चारचाकी चालवता येते. तिथल्या अपघातांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सोळा वर्षांचा चालक एकटा असताना त्याच्या मृत्यूचा जेवढा धोका असतो, तो गाडीत एक सोबती असला की वाढतो, दोघे असले की आणखी वाढतो आणि तिघे किंवा जास्त असले की जवळजवळ तिप्पट होतो. गाडी तीच, चालवण्याचं कौशल्यही तेच. आपल्याकडे ट्रिपल सीट म्हणजे गाडीवर जादा वजन आणि बिघडलेला तोल, असंच आपण समजतो. ते खरंच आहे. पण मागे बसलेले दोघे चालवणाऱ्याच्या मेंदूतही काहीतरी बदल करत असतात.

काय बदल करतात, हे २०११ साली एमआरआय यंत्रात पाहिलं गेलं. यंत्रात झोपलेल्या व्यक्तीने पडद्यावर गाडी चालवायची. वाटेत अनेक चौक, दिवे ऐन वेळी पिवळे होतात. थांबलं तर थोडा वेळ जातो. तसंच दामटलं तर वेळ वाचू शकतो, पण धडक झाली तर जास्त वेळ वाया जातो. लवकर पोचणाऱ्याला पैसे जास्त. एका फेरीत खेळणारा एकटा, दुसऱ्या फेरीत त्याचे मित्र शेजारच्या खोलीतून त्याचा खेळ पाहत आहेत. मित्र पाहत असताना किशोरवयीन मुलांनी जास्त वेळा पिवळा दिवा तोडला. मोठ्यांचं वागणं दोन्ही वेळा सारखंच राहिलं. मेंदूतला फरक मात्र जिथे अपेक्षित वाटेल तिथेच नव्हता. कपाळामागच्या आवर घालणाऱ्या भागाचं काम मोठ्यांमध्ये मुलांपेक्षा जास्त दिसत होतं, पण मित्र आले म्हणून मुलांचा तो भाग आणखी मंदावला, असं दिसलं नाही. मित्र आल्यावर पेटला तो मेंदूच्या आतला, बक्षिसाचा हिशेब ठेवणारा भाग. आवर आहे तेवढाच राहिला आणि ओढ वाढली.

आता हे दोन भाग नीट ओळखून घेऊ. बक्षिसाच्या यंत्रणेचं केंद्र मेंदूच्या तळाशी, आत खोलवर आहे. त्यातल्या एका लहानशा गाठीला न्यूक्लियस अॅकम्बन्स म्हणतात. मेंदूच्या मध्यभागातल्या काही पेशी तिथे डोपामिन नावाचं रसायन सोडतात. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सरसकट म्हटलं जातं, पण त्याचं काम जास्त नेमकं आहे. अपेक्षेपेक्षा चांगलं काही घडलं किंवा घडणार असं वाटलं, की त्याचा झोत येतो, आणि "हे कर, हे पुन्हा कर" अशी ओढ तयार होते. मुलगा किंवा मुलगी वयात येताना शरीरात वाढणारी संप्रेरकं या यंत्रणेचीही नव्याने जुळणी करतात. त्यामुळे तेराव्या-चौदाव्या वर्षापासून तिचा प्रतिसाद तीव्र होत जातो. तिच्यासाठी पैसे, गोड खाणं आणि वेग ही जशी बक्षिसं, तसंच बरोबरीच्या मुलांनी आपल्याकडे कौतुकाने पाहणं हेही बक्षीसच. म्हणून रपट्यावरच्या मुलासमोर पलीकडे पोचण्याचं एक बक्षीस नसतं. "याने काढली बे गाडी" हे दुसरं, आणि बहुधा मोठं, बक्षीस काठावर उभं असतं.

दुसरा भाग म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, कपाळाच्या हाडामागचा मेंदूचा पुढचा पट्टा. नंतर काय होईल ते आत्ताच डोळ्यासमोर धरून ठेवणं, सुरू झालेली कृती मधेच थांबवणं, आणि ओढ एकीकडे असताना ठरवलेल्या गोष्टीला चिकटून राहणं ही त्याची कामं. हा भाग मुलांमध्ये "नसतो" किंवा "बंद असतो" असं बोललं जातं, ते चूक आहे. तो असतो आणि काम करतो. गणित सोडवताना, कबड्डीत डाव टाकताना उत्तम करतो. घाईच्या आणि ओढीच्या क्षणी तो किती लवकर आणि किती भरवशाने मधे पडतो, तेवढं अजून पक्कं झालेलं नसतं.

पक्कं होणं म्हणजे नक्की काय होतं? दोन गोष्टी होतात. पहिली चकित करणारी आहे: मेंदू जोड कमी करतो. शिकागोच्या पीटर हटनलॉकर यांनी १९७९ साली मृत व्यक्तींच्या मेंदूच्या पुढच्या भागातले पेशींमधले जोड सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. लहान मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. आपल्याकडे कपाशी उगवली की एका जागेवरची जास्तीची रोपं उपटून जोमदार तेवढं ठेवतात, त्या विरळणीसारखंच हे काम. वापरात असलेले जोड टिकतात आणि बळकट होतात, न वापरलेले काढले जातात. पुढे अमेरिकी मेंदूसंशोधक जे गीड यांच्या गटाने त्याच त्या मुलांचे दर काही वर्षांनी एमआरआय काढून १९९९ साली दाखवलं, की पुढच्या भागातला करडा थर मुलींमध्ये साधारण अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षापर्यंत वाढतो आणि मग सावकाश पातळ होत जातो. हात हलवणं, पाहणं असली साधी कामं करणारे भाग आधी पक्के होतात. कपाळामागचा भाग सर्वांत शेवटच्यांपैकी एक.

दुसरी गोष्ट तंतूंच्या आवरणाची. मेंदूतल्या लांब तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण चढत जातं. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला साधारण १ मीटर जातो. शरीरातल्या जाड वेष्टणाच्या तंतूंतून तो १०० मीटरच्या आसपास वेग गाठू शकतो. कपाळामागचा भाग आणि खोल आतली बक्षिसाची यंत्रणा यांना जोडणाऱ्या तंतूंवर हे वेष्टण किशोरवयात आणि त्यानंतरही चढत राहतं. वेग वाढणं हा एक फायदा. दूरदूरच्या भागांतले संदेश वेळेवर एकत्र पोचणं हा दुसरा. रपट्यापाशी निर्णयाला तीन-चार सेकंदच मिळतात. तेव्हा "थांब" हा संदेश किती जोराने आणि किती लवकर पोचतो, यावर सगळं अवलंबून असतं.

आता गढूळ पाण्याकडे येऊ, कारण इथे संशोधनाने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली आहे. २०१२ साली १२ ते १७ वयाच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना पैशांच्या पैजा दिल्या गेल्या. काहींमध्ये जिंकायची शक्यता स्पष्ट सांगितली होती, काहींमध्ये मुद्दाम झाकलेली होती. शक्यता स्पष्ट असताना मुलं मोठ्या माणसांपेक्षाही सावध निघाली. शक्यता माहीत नसताना मात्र मोठी माणसं बिचकली आणि मुलं बिनधास्त पुढे गेली. म्हणजे किशोरवयीन मुलाला धोका आवडतो, असं सरळ म्हणता येत नाही. जे माहीत नाही, त्याची त्याला मोठ्यांइतकी भीती वाटत नाही. मोठा माणूस गढूळ पाणी पाहून म्हणतो, "खाली काय आहे कोणास ठाऊक, नकोच." सोळा वर्षांचा मुलगा त्याच पाण्याकडे पाहून म्हणतो, "असेल गुडघाभर." त्याच नाल्यावर, त्याच दिवशी, "इथे आत्ता चार फूट पाणी आहे आणि मधला सहा फुटांचा तुकडा वाहून गेला आहे" असं त्याला दिसलं असतं, तर या अभ्यासाच्या आधाराने मी म्हणेन, की तो थांबण्याची शक्यता बरीच जास्त होती. रपट्याच्या दोन्ही टोकांना फुटांच्या खुणा रंगवलेला एक खांब रोवणं याचसाठी उपयोगी आहे. "पुढे धोका आहे" या पाटीने काहीच मोजून दाखवलं जात नाही. खांबावर पाणी तीन फुटांच्या रेघेला टेकलेलं दिसतं. हा माझा निष्कर्ष आहे, रपट्यांवर केलेला कुठला प्रयोग नाही. पण खांबाचा खर्च इतका थोडा आहे, की ग्रामपंचायतीने वाट पाहायचं कारण मला दिसत नाही.

"आमच्या वेळी असं नव्हतं, हे सगळं मोबाईलचं," असं काठावरचे आजोबा म्हणतात. मोबाईलने प्रेक्षक वाढवले, हे मान्य. व्हिडिओ काढणारा एक मित्र म्हणजे गावभरच्या नजरा. पण ओढ मोबाईलची निर्मिती नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर हे तपासलं गेलं आहे. किशोरवयीन उंदीर सोबत्यांबरोबर असताना एकट्यापेक्षा जास्त दारू प्यायले. प्रौढ उंदरांमध्ये सोबतीने असा फरक पडला नाही. उंदराला ना इज्जत ना व्हिडिओ. वयात येताना घरट्यापासून लांब जाणं, बरोबरीच्यांत जागा मिळवणं, नवं अन्न आणि जोडीदार शोधणं, यासाठी सस्तन प्राण्यांना काही काळ धाडसी व्हावंच लागतं. त्या गरजेतून ही जुळणी आली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हीच ओढ मुलाला भरलेल्या वर्गात उठून प्रश्न विचारायला लावते, घर सोडून अमरावती-नागपूरला शिकायला जायचं बळ देते. ती काढून टाकता येत नाही, आणि काढून टाकावी असंही मला वाटत नाही.

इथे काही मर्यादा सांगायला हव्यात, कारण या विषयावर मोबाईलवर फिरणारं बरंच काही अतिशयोक्त असतं. "मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदूत काही घडत नाही. बदल विशीभर आणि काही भागांत त्यापुढेही चालतात, हळूहळू कमी होत जातात, आणि माणसागणिक वेगळे असतात. सोळा वर्षांच्या एखाद्या मुलीचा आवर चाळिशीच्या तिच्या काकापेक्षा पक्का असू शकतो. एमआरआयचं चित्र पाहून हा मुलगा धोका घेईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही; हे सगळे निष्कर्ष अनेक जणांच्या सरासरीचे आहेत. शिवाय काही प्रयोगांत बक्षिसाला मेंदूचा प्रतिसाद मधल्या किशोरवयातच जास्त दिसतो, तर प्रत्यक्षातले अपघात आणि मारामाऱ्या अठरा-वीसच्या आसपास जास्त दिसतात, कारण गाडी, पैसे आणि रात्री बाहेर राहायची मोकळीक तेव्हा हाती येते. खेड्यात मुलींचे अपघात कमी दिसतात, त्याचं एक मोठं कारणही तेच: त्यांच्या हाती गाडीची किल्ली आणि मोकळी संध्याकाळ क्वचितच येते. बक्षिसाची यंत्रणा त्यांच्यातही जागी होते, आणि त्यांची ओढ घरच्यांच्या नजरेआड, दुसऱ्या ठिकाणी वाट शोधते. त्यावर वेगळं लिहायला हवं.

तर रपट्यावरच्या त्या मुलासाठी काय करता येतं? आपण बहुतेक वेळा त्याला आणखी समजावतो. समजावणं ओसरीवर होतं, आणि तिथे तो आधीच आपल्या बाजूने असतो. अडचण रपट्यावर आहे. म्हणून त्या क्षणाचीच मांडणी बदलावी लागते. न्यूझीलंडने १९८७ पासून आणि पुढे अमेरिकेतल्या राज्यांनीही नव्या चालकांना परवाना टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात रात्री एकट्याने चालवायचं नाही आणि बरोबरीचे सोबती गाडीत घ्यायचे नाहीत, अशा अटी असतात. नव्या चालकांचे अपघात त्याने कमी झाले. तिथे कोणी मुलांचा मेंदू बदलला नाही; मागची सीट रिकामी ठेवली. आपल्याकडे अठरा वर्षांखालच्याला गिअरची मोटारसायकल चालवताच येत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. किल्ली न देणं हा अर्थातच पहिला उपाय. पण कॉलेज बारा-पंधरा किलोमीटरवर, एसटी दिवसातून एक-दोनदा, शेताचं काम अडलेलं, म्हणून किल्ली दिली जाते, हेही मला माहीत आहे. अठरा पूर्ण झालेल्या, परवाना असलेल्या मुलाचाही मेंदू त्या दिवशी अचानक बदलत नाही. म्हणून ज्या घरात किल्ली जातेच, तिथे "हळू चालव" यापेक्षा "मागे कोणालाच बसवायचं नाही" ही अट जास्त कामाची. हळू म्हणजे किती, याचा निर्णय तापल्या क्षणी त्याच्यावरच पडतो. मागची सीट रिकामी आहे की नाही, हे घरातून निघतानाच ठरतं आणि गावात कोणालाही दिसतं.

आणखी एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. अठरा ते बावीस वयाच्या तरुण मुलांच्या चौकडीत त्यांच्याच वयाच्या एका जागी पंचवीस ते तीस वयाचा एक जण बसवला, तर चौकडीमुळे वाढणारा धोका दिसेनासा झाला. त्याने उपदेश करायची गरज नव्हती. गणपती विसर्जनाला तळ्यावर किंवा नदीवर पोरं जातात तेव्हा शेवटच्या रांगेत बाप मंडळी उभी करण्यापेक्षा प्रत्येक टोळक्यात एक पंचविशीतला दादा घालणं सोपं आहे. मंडळात असे दादा असतातच. त्यांना ढोलापाशी न ठेवता पाण्यापाशी ठेवायचं.

आणि पत्त्यांच्या प्रयोगातून निघणारी शेवटची गोष्ट. तापल्या क्षणी घ्यायचा निर्णय थंड असताना घेऊन ठेवता येतो, पण तो अगदी नेमका हवा. "पाण्यात जाऊ नको" हे नेमकं नाही, कारण "हे काय पाणी आहे का" असं म्हणायला जागा उरते. "रपट्याचं सिमेंट दिसत नसलं, की गाडी अलीकडे लावायची आणि घरी फोन करायचा" हे नेमकं आहे. सिमेंट दिसतं किंवा दिसत नाही. त्याला जोडून मुलाच्या हातात मित्रांसमोर सांगायला एक सबब द्यायची, कारण थांबण्याची खरी किंमत तिथे असते. पाण्याची नाही, "घाबरला काबे" ची. "बाबांनी सांगितलंय, रपटा बुडाला असताना गाडी घातली तर गाडी विकतो. विकतील बे खरंच." हे ऐकून कोणी त्याला भित्रा म्हणत नाही, बाप कडक आहे म्हणतात, आणि तो दोष बापाला परवडतो. मग त्याचा फोन येईल तेव्हा, "एवढा वेळ तिथे काय करत होता" हा प्रश्न न विचारता, "थांब तिथंच, पाणी उतरेपर्यंत" एवढंच म्हणायचं. पहिल्याच फोनवर बोलणी बसली, तर दुसऱ्या पुराच्या दिवशी तो फोन करणार नाही.